जोडीदार समलिंगी असल्याचं समोर आल्यावर सामोपचाराने घटस्फोट: मुलं, पैसा आणि दोघांचाही मान

परस्परसंमतीने घटस्फोट मागताना कारण सांगावं लागत नाही. नवरा गे आहे किंवा बायको लेस्बियन आहे हे कळल्यावर वकिलाकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांना ही गोष्ट ठाऊक नसते. आता सगळं कोर्टात सांगावं लागणार, न्यायाधीश प्रश्न विचारणार, ते कागदावर येणार आणि पुढेमागे मुलं ते वाचणार, या धास्तीने कितीतरी जण वर्षानुवर्षं एका छताखाली कुढत राहतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब फक्त तीन गोष्टी मागतं: दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत आहेत, त्यांना एकत्र नांदणं शक्य झालेलं नाही, आणि लग्न संपवायचं हे दोघांनी मिळून ठरवलं आहे. का शक्य झालं नाही, हे कायदा विचारत नाही. अर्जात 'स्वभाव आणि आयुष्याबद्दलच्या अपेक्षा जुळल्या नाहीत' एवढं पुरतं, आणि ते खोटंही नसतं.

या लेखातलं उदाहरण पुण्यातल्या हिंदू जोडप्याचं घेतलं आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलं असेल, तर कलम २८ मध्ये जवळपास हीच पद्धत आहे. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याचं कलम १०-अ आहे, मुस्लिम जोडप्यांसाठी मुबारत, म्हणजे दोघांच्या संमतीने होणारा तलाक, आहे. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. तिथे पैशांची बोलणी निम्म्या वाट्यापासूनच सुरू होतात, म्हणून गोव्यातलाच वकील गाठावा.

दुसरे दोन रस्ते, आणि ते का टाळावेत

दुखावलेल्या जोडीदाराला नातेवाईक आणि कधी वकीलही दोन गोष्टी सुचवतात. एक म्हणजे 'फसवणूक झाली' म्हणून लग्न रद्द करून घेणं, कलम १२ खाली. दुसरी म्हणजे क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट, कलम १३ खाली. फसवणुकीचा अर्ज ती उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि कळल्यानंतरही स्वेच्छेने पती-पत्नी म्हणून राहिलात तर तो हक्क जातो. लग्नाला काही महिनेच झालेत, समोरच्याला सगळं आधीपासून माहीत होतं आणि त्याने जाणूनबुजून लपवलं, अशा वेळी हा रस्ता विचारात घेण्यासारखा आहे. दहा वर्षांच्या संसारानंतर मात्र पुरावा मांडायचा म्हणजे चॅट, फोटो, उलटतपासणी, आणि 'तुम्हाला इतकी वर्षं कळलं कसं नाही' हा प्रश्न भर कोर्टात. त्यात दोघंही सोलले जातात. कितीतरी लोकांनी स्वतःशीसुद्धा चाळिशीपर्यंत हे कबूल केलेलं नसतं, त्यामुळे 'जाणूनबुजून' हे सिद्ध करणंही कठीण असतं.

कौटुंबिक छळाची फौजदारी तक्रार 'दबावासाठी' टाकून ठेवण्याचा सल्लाही मिळतो. छळ खरोखर झाला असेल तर तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण नुसता दबाव म्हणून केलेली तक्रार पुढे समझोता झाल्यावर आपोआप मिटत नाही, ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. उलट बाजूने, 'पैसे दे नाहीतर सगळ्यांना सांगतो' ही धमकी जोडीदाराने दिली किंवा त्याच्या भावाने दिली, तरी तो खंडणीचाच प्रकार आहे. असे मेसेज पुसून टाकू नका, जपून ठेवा.

पहिले काही आठवडे

या काळात कशावरही सही करू नये. ज्याने सांगितलं, तो किंवा ती अपराधीपणाने इतकी वाकलेली असते की घर, पैसा, मूल सगळं सोडायला तयार होते. ज्याला कळलं, तो धक्क्यात असतो. कधी 'मला काही नको, फक्त मोकळं करा' म्हणतो, तर कधी 'आता एकेक पैसा वसूल करीन'. सामोपचाराचे घटस्फोट पुढे फिसकटतात ते बहुधा याच आठवड्यांत दिलेल्या शब्दांमुळे. लग्न का मोडलं हा एक विषय आणि कोणाला काय मिळावं हा दुसरा. पैशांची आणि मुलांची बोलणी करताना पहिल्या विषयाची किंमत दुसऱ्यात लावायची नाही, हे दोघांनी सुरुवातीलाच एकमेकांना स्पष्ट सांगावं.

तीन कामं मात्र लगेच करावीत. पहिलं, दोघांनीही एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांची तपासणी करून घ्यावी. हा संशय घेण्याचा प्रकार नाही. लग्नाबाहेर संबंध आले असतील तर, मग ते कोणाशीही असोत, हे करायलाच हवं. सरकारी रुग्णालयांतल्या तपासणी केंद्रांत ती मोफत होते, तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त राहतो. शेवटच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील, तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

दुसरं, 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नये. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की समलैंगिकता हा आजार नाही, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'उपचार' करणं हा डॉक्टरांच्या व्यवसायातला गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. सासरचे किंवा माहेरचे एखाद्या डॉक्टरचं नाव काढून 'सहा महिने बघू' म्हणाले, तर ते सहा महिने दोघांच्याही आयुष्यातून वजा होतात. समुपदेशकाकडे जायचं ते नीट वेगळं कसं व्हायचं यासाठी. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था या विषयात बरीच वर्षं काम करत आहे, तिथून योग्य माणसाचं नाव मिळू शकतं.

तिसरं काम आहे तारखेचं. 'आजपासून आपण पती-पत्नी म्हणून राहत नाही' असा साधा ईमेल दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवावा. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या घरात राहणं असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी खटल्यात स्पष्ट केलं की एका छताखाली राहूनही दोघं पती-पत्नी म्हणून जगत नसतील, तर ते वेगळं राहणंच आहे. पुण्या-मुंबईत दुसऱ्या घराचं भाडं लगेच झेपत नाही, मुलाची शाळा अर्ध्यात असते. अशा घरांना या निकालाचा मोठा आधार आहे. एका वर्षाचं घड्याळ त्या ईमेलपासून चालू होतं.

मुलांचं

मुलाला दोन गोष्टी सांगायच्या असतात आणि त्या एकाच दिवशी सांगायच्या नसतात. आई-बाबा वेगळे राहणार आहेत, ही पहिली. ती दोघांनी एकत्र बसून, घर बदलण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सांगावी आणि त्यात ठोस माहिती असावी: तू कुठे झोपशील, शाळेत कोण सोडेल, बाबा कोणत्या दिवशी भेटतील, दप्तर कुठे असेल. आठ वर्षांच्या मुलीला कारणापेक्षा बुधवारचं काय, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट, म्हणजे बाबांना पुरुष आवडतात किंवा आईला बायका आवडतात. ती ज्याची आहे त्याने स्वतः सांगावी आणि दुसऱ्याने त्या वेळी घरात किंवा निदान हाकेच्या अंतरावर असावं. ती कधी सांगायची याला एकच मर्यादा आहे: मुलाला ती बाहेरून कळण्याआधी. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हातात मोबाइल असतो, चुलत भावंडांचे ग्रुप असतात. नात्यात चार जणांना माहीत झालं असेल, तर आता फार थांबता येणार नाही. लहान मुलांना एक-दोन वाक्यं पुरतात. किशोरवयीन मुलं मात्र 'म्हणजे आईशी लग्न खोटं होतं का' आणि 'मीही तसाच होईन का' हे दोन प्रश्न विचारतातच, त्यांची उत्तरं आधी ठरवून ठेवा. दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे: हे आईवडिलांकडून शिकून येत नाही, आणि तू कसाही असलास तरी आम्हाला चालेल. पहिल्याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं असतं, फक्त ते दोघांचं एकच असावं.

ताब्याच्या बाबतीत कायदा एकच कसोटी लावतो, ती मुलाच्या हिताची. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे, असं १९५६ च्या अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम ६ म्हणतं. पालकाचा लैंगिक कल हा ताब्याचा निकष म्हणून कायद्यात कुठेही लिहिलेला नाही. २०१८ मध्ये नवतेज सिंह जोहर निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्यामुळे 'हा गुन्हेगारच आहे' हे जुनं हत्यारही गेलं.

खरा धोका येतो तो कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी सही करून कोर्टात द्यायच्या समझोत्याच्या कागदात, घातल्या जाणाऱ्या अटींतून. 'मुलगी वडिलांकडे असताना वडिलांचा कोणताही मित्र घरात असणार नाही' अशी ओळ आजी-आजोबांच्या आग्रहाने घातली जाते आणि अपराधीपणामुळे बाप तिच्यावर सही करतो. पुढे ऑफिसचा सहकारी चहाला आला तरी भेट बंद पडते. ही ओळ काढायला लावा. तिच्या जागी दोघांना सारखा लागू होणारा नियम घाला: कोणीही नवीन जोडीदाराची मुलाशी ओळख करून देण्याआधी दुसऱ्या पालकाला कळवेल, आणि ते नातं किमान सहा महिने टिकलेलं असेल. आईने पुन्हा लग्न केलं तरी हाच नियम चालतो, म्हणून तो टिकतो.

भेटींचं वेळापत्रक मोघम ठेवू नये. 'परस्पर सोयीने' हे शब्द सहीच्या दिवशी समजूतदारपणाचे वाटतात आणि पहिल्या भांडणात कुचकामी ठरतात. एक आड एक शनिवार-रविवार, बुधवारची संध्याकाळ, मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी, दिवाळीत लक्ष्मीपूजन एका वर्षी इकडे तर भाऊबीज तिकडे, गणपतीला ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांच्याकडे दीड दिवस, इतक्या तपशिलात लिहा. सोयीने बदलायला कोणाची मनाई नाही, पण भांडण झालं तर परत यायला कागद हवा. शाळेच्या नोंदीत दोघांचेही फोन क्रमांक राहतील, मोठ्या शस्त्रक्रियेचा किंवा शाळा बदलण्याचा निर्णय दोघं मिळून घेतील आणि पासपोर्टच्या अर्जावर दोघंही सही करतील, हेही लिहून घ्या. मुलांसंबंधीच्या अटी कायमच्या गोठत नाहीत, परिस्थिती बदलली तर कोर्ट त्या बदलू शकतं.

पैशांचं, एका उदाहरणातून

समजा एक जोडपं आहे. लग्नाला अकरा वर्षं, आठ वर्षांची मुलगी. नवरा गे आहे, त्याने वर्षापूर्वी बायकोला सांगितलं. त्याच्या हातात महिन्याला १ लाख ४० हजार येतात, तिच्या ६० हजार. कोथरूडला दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, बाजारभाव ९५ लाख, कर्ज ३२ लाख बाकी. त्याच्याकडे म्युच्युअल फंडात १५ लाख आहेत. मुलीने याच घरात राहावं, शाळा बदलू नये, यावर दोघांचं एकमत आहे.

सुरुवात घोषणापत्रापासून करा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना ठरवून दिला. तुमच्यात वाद नसला तरी तोच नमुना दोघांनी भरून एकमेकांना द्यावा. पगार, पीएफ, विमा, सोनं, कर्ज, मित्राला दिलेली उसनवारी, सगळं. सामोपचार विश्वासावर चालतो हे खरं, पण लग्नात एक मोठी गोष्ट लपलेली होती हे ज्याला नुकतंच कळलंय, त्याला पैशांबद्दल फक्त शब्दावर विश्वास ठेवायला सांगणं अन्यायाचं आहे. कागद समोर आले की ती शंका मिटते.

स्त्रीधन या हिशेबात धरायचंच नाही. लग्नात आणि नंतर तिला मिळालेले दागिने आणि भेटी तिच्याच आहेत, त्या वाटणीत येत नाहीत. लॉकर सासूबाईंच्या नावावर असेल, तर पहिल्या महिन्यातच यादी करून दागिने तिच्या ताब्यात द्यावेत.

आता घर. ९५ मधून ३२ वजा केले की ६३ लाख उरतात, निम्मे म्हणजे साडेएकतीस लाख प्रत्येकाचे. हिला त्याचा हिस्सा विकत घेणं शक्य नाही. त्याने कायमच्या पोटगीपोटी आपला हिस्सा तिला द्यायचं ठरवलं, तर कागदावर प्रश्न सुटला असं वाटतं. पण बँक घटस्फोटाला बांधील नसते. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत तोवर दोघंही देणेकरी आहेत, कोर्टाने काहीही म्हटलं तरी. ३२ लाखांचं कर्ज उरलेल्या पंधरा वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी धरलं, तर हप्ता साधारण ३१,५०० रुपये होतो. ६० हजार पगारावर एवढा हप्ता म्हटल्यावर बँक त्याचं नाव काढायला कबूल होण्याची शक्यता कमी. इथेच बरीच जोडपी अडकतात: घटस्फोट होतो, हप्ता त्याच्या खात्यातून जात राहतो, त्याला स्वतःच्या घरासाठी कर्ज मिळत नाही, आणि तिसऱ्या वर्षी कडवटपणा सुरू होतो.

मार्ग असा निघतो. त्याने म्युच्युअल फंडातले १२ लाख थेट कर्जखात्यात भरावेत. कर्ज २० लाखांवर येतं, हप्ता सुमारे १९,७०० रुपये, म्हणजे तिच्या पगाराचा एक तृतीयांश. आता ती एकटी कर्जदार म्हणून अर्ज करू शकते. तिची कायमची पोटगी म्हणजे त्याचा घरातला हिस्सा आणि हे १२ लाख, आणि पुढे दोघांनी एकमेकांकडे स्वतःसाठी काही मागायचं नाही. एकरकमी पोटगीवर पत्नीला प्राप्तिकर लागत नाही, मासिक पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते. १९८३ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापासून हा फरक चालत आला आहे. एकरकमी तोडग्याकडे कल असण्याचं ते एक कारण, आणि दर महिन्याला एकमेकांशी पैशांवरून बोलावं लागत नाही, हे त्याहून मोठं.

घराच्या हस्तांतरणात वेळ फार महत्त्वाची. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिलं, तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर ते दोघं पती-पत्नी राहत नाहीत आणि ही सवलत जाते. तेव्हा सहा-सात टक्क्यांच्या घरातलं शुल्क पडतं, म्हणजे इथे त्याच्या साडेसत्तेचाळीस लाखांच्या हिश्श्यावर सुमारे तीन लाख. मात्र हस्तांतरण पोटगीच्या बदल्यात आहे असं दिसलं, तर ते विनामोबदला मानायचं का असा प्रश्न उठू शकतो. म्हणून दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यावा. शुल्क किती हे ते लेखी ठरवून देतात आणि पुढची टांगती तलवार जाते. घर तारण असल्याने बँकेचं ना-हरकत पत्र आधी लागेल.

मुलीचा खर्च आईच्या पोटगीत मिसळू नये, तो मुलीचा स्वतंत्र हक्क आहे आणि आईलाही तो सोडून देता येत नाही. इथे ठरलं: महिन्याला २२,००० रुपये, दर वर्षी सात टक्के वाढ, शाळेची फी निम्मी निम्मी. वाढीची ओळ विसरू नका. मुलगी अठराची होईल तेव्हा हीच रक्कम ४३ हजारांच्या आसपास असेल, आणि वाढ लिहिली नसती तर तेव्हाही २२ हजारच राहिली असती. मुदत 'अठरा वर्षांपर्यंत' न लिहिता 'पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत' लिहा.

विम्याचं एक ध्यानात घ्या. कंपनीच्या आरोग्य विम्यातून घटस्फोटानंतर जोडीदाराचं नाव निघतं, मुलाचं राहतं. तिने आधीच स्वतःची पॉलिसी घ्यावी, कारण जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो. आणि एखादी आयुर्विमा पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली असेल, तर ती पत्नीची आणि मुलांचीच राहते, नॉमिनी बदलून ती परत घेता येत नाही.

बायको लेस्बियन असेल तर

वरचं उदाहरण उलटं करून इथे चालत नाही. बहुतेक घरांत तिची कमाई कमी असते, घर त्याच्या नावावर असतं, आणि माहेरचा दरवाजा सगळ्यात आधी बंद होतो. काही जणींना आईवडीलच घरात कोंडून ठेवतात, फोन काढून घेतात. म्हणून नवऱ्याला सांगण्याआधी तिने आपली मूळ कागदपत्रं, स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि चार दिवस राहता येईल अशी एक जागा एवढी तयारी करावी. नवरा समजूतदार असला तरी करावी, कारण अडचण नवऱ्याकडून नाही तर इतरांकडून येऊ शकते.

अशा स्त्रिया प्रायश्चित्त म्हणून पोटगी सोडतात, आणि 'आईच अशी' या एका वाक्याला घाबरून मूलही सोडतात. दोन्ही चूक आहे. दहा वर्षं घर तिने सांभाळलं, नोकरी सोडली, मूल वाढवलं. तिला कोण आवडतं याने त्यातलं काहीही कमी होत नाही. स्वतःचा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कोर्टातलं

दोघांचा मिळून एक वकील चालतो, पण कन्सेंट टर्म्स सही करण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या वकिलांकडून एकदा वाचून घ्याव्यात. अर्ज कौटुंबिक न्यायालयात जातो: लग्न जिथे झालं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात किंवा दोघांपैकी एक जण जिथे राहतो, त्या ठिकाणच्या. पुण्यात ते शिवाजीनगरला आहे, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात. लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि कन्सेंट टर्म्स एवढं लागतं.

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ नुसार दोघांपैकी एकानेही मागितलं, तर सुनावणी बंद दाराआड घ्यावीच लागते. अर्जासोबत हे लेखी मागा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ अशा खटल्यांचा मजकूर छापायलाही मनाई करतं. तरीही कन्सेंट टर्म्स हुकूमनाम्याला जोडल्या जातात आणि त्याची प्रत बँक, सोसायटी, पासपोर्ट कार्यालय अशी फिरते. म्हणून लैंगिकतेचा उल्लेख त्यात कुठेच नको, गुप्ततेच्या कलमातसुद्धा नको. 'पतीच्या लैंगिक कलाबद्दल पत्नी कोणाला सांगणार नाही' असं लिहिणं म्हणजे तेच जाहीर करणं. 'दोघंही एकमेकांच्या खासगी आयुष्याबद्दल बदनामीकारक बोलणार नाहीत' एवढं पुरे.

दाखल झाल्यावर विवाह समुपदेशकांकडे पाठवलं जातं. तिथे 'पुन्हा प्रयत्न का करत नाही' हे विचारणारच. समुपदेशकांशी झालेलं बोलणं गुप्त असतं, त्यामुळे दोघांची तयारी असेल तर खरं कारण सांगितलेलं बरं, पुढच्या फेऱ्या वाचतात. तयारी नसेल तर 'पूर्ण विचार झाला आहे' यावर दोघांनी ठाम राहावं. एकाने सांगितलं आणि दुसरा गडबडला, की तारीख वाढते. कोण काय बोलणार हे घरीच ठरवून जा.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून, अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा संमती द्यायची. २०१७ च्या अमरदीप सिंह निकालानुसार हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत, आणि पोटगी-ताबा सगळं खरोखर मिटलेलं हवं. माफीचा अर्ज पहिल्या अर्जानंतर आठवड्याने करता येतो.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून देण्याघेण्याचा क्रम कन्सेंट टर्म्समध्ये लिहावा. आपल्या उदाहरणात तो असा: दागिने अर्जाआधी, १२ लाख कर्जखात्यात पहिल्या अर्जानंतर महिन्याभरात, बँकेने तिला एकटीला कर्जदार म्हणून मान्य केल्यावर बक्षीसपत्राची नोंदणी, आणि मग दुसरी संमती. यात सगळा धोका त्याच्यावर येतो असं वाटत असेल, तर बक्षीसपत्राची नोंदणी दुसऱ्या तारखेच्या आदल्या आठवड्यात ठेवा. समोरचा सारखी कारणं काढून एखादा टप्पा पुढे ढकलतोय असं दिसलं, तर दुसऱ्या तारखेची वाट न बघता मध्यस्थाकडे बसा.

लोकांना काय सांगायचं

समलिंगी जोडीदाराचं गुपित हे त्याचं आहे, ते परस्पर सांगायचा अधिकार दुसऱ्याला नाही. पण गुपित पाळणाऱ्यावर त्याचं ओझं किती पडतं, हे क्वचितच कोणी लक्षात घेतं. तो मोकळा होत जातो आणि ती त्याच्या गुपितात कोंडली जाते. सोसायटीत कुजबुज सुरू होते: हिचंच काही कमी पडलं असेल, हिचं बाहेर काही असेल. ती गप्प. हे न्याय्य नाही. म्हणून दोघांनी मिळून नावं ठरवावीत: तिने कोणाला खरं सांगावं, निदान एक मैत्रीण, एक बहीण आणि तिचा समुपदेशक. त्याने स्वतः सासू-सासऱ्यांना सांगायची तयारी दाखवली, तर तिच्यावरचा अर्धा आरोप त्या एका भेटीत उतरतो. त्याला ते जमत नसेल, तर 'लग्न मोडण्यात तिची काही चूक नाही' एवढं तरी त्याने स्वतःच्या तोंडाने दोन्ही घरांत सांगावं.

इतरांसाठी एकच वाक्य ठरवा आणि दोघांनी तेच वापरा: 'आम्ही विचार करून वेगळे होतोय, मुलीला दोघं मिळून वाढवणार आहोत.' पुढचा प्रश्न आला तर तेच वाक्य पुन्हा.

हुकूमनाम्यानंतर

प्रमाणित प्रती चार-पाच तरी काढून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात. पीएफ, बँक, डीमॅट आणि विम्यातले नॉमिनी त्याच महिन्यात बदला. नुसता घटस्फोट झाल्याने नॉमिनीचं नाव आपोआप निघेल या भरवशावर राहू नका. सोसायटीचा भाग दाखला तिच्या नावे करून घ्या. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर नूतनीकरणाच्या वेळी हुकूमनामा जोडून ते काढता येतं. संयुक्त खातं बंद करण्याआधी त्यातून जाणारे मुलीच्या फीचे आणि विम्याचे हप्ते नवीन खात्यांवर वळवा. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोघांनी भेटीचं वेळापत्रक समोर ठेवून एकदा बसावं. मुलगी नववीला पोहोचली की बुधवारच्या संध्याकाळी क्लास असतो, आणि तेव्हा नवा दिवस ठरवताना तिलाही विचारावं लागतं.